पहाटेचे पाणी, दुपारचे पाणी

मत्स्यतळ्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात आला की विद्यार्थी आधी आकडे पाहतो आणि ते पाठ्यपुस्तकातल्या तक्त्याशी ताडतो. सामू ७.८, विरघळलेला ऑक्सिजन ६ मिलिग्रॅम प्रति लिटर, तापमान २८ अंश. सगळे मर्यादेत, म्हणजे पाणी उत्तम. पण नमुना किती वाजता घेतला, हे बहुतेक अहवालांत लिहिलेलेच नसते आणि वाचणाराही ते विचारत नाही. माझे म्हणणे असे की वेळ न लिहिलेला ऑक्सिजनचा किंवा सामूचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. नमुने सहसा सकाळी दहा-अकराला, कामाच्या वेळेत घेतले जातात. त्या वेळी तळे पहाटेच्या तळातून वर आलेले असते, पण दुपारच्या टोकाला अजून पोचलेले नसते, म्हणून दहाचे पाणी जवळपास कुठल्याही तळ्यात बरे दिसते. पहाटे मासे मरण्याच्या बेतात असलेले तळे आणि निरोगी तळे या वेळी सारखेच आकडे दाखवू शकतात. त्यामुळे पाण्याचे गुणधर्म सुटे सुटे पाठ न करता चोवीस तासांत ते कसे चढतात-उतरतात आणि ही चढउतार कशामुळे आवाक्यात राहते, हे आधी समजून घ्यायला हवे.

या हालचालीमागे आहेत पाण्यातली सूक्ष्म शेवाळे, ज्यांच्यामुळे तळे हिरवट दिसते. दिवसा ती प्रकाशसंश्लेषण करतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. सूर्य मावळला की हे काम थांबते, श्वसन मात्र रात्रभर चालू राहते. मासे, शेवाळे, जिवाणू आणि तळाचा गाळ असे सगळेच ऑक्सिजन खर्च करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून ऑक्सिजन दुपारी दोन ते चारच्या सुमाराला सर्वांत जास्त आणि सूर्योदयाच्या किंचित आधी सर्वांत कमी असतो. तीस अंश तापमानाला हवेशी समतोल असलेले गोडे पाणी लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन धरते. दाट हिरव्या तळ्यात दुपारी बारा-तेरा मिलिग्रॅम सापडले, तर हे तळे किती चांगले असे वाटते. खरे तर तो इशारा असतो, कारण दिवसा इतका ऑक्सिजन निर्माण करणारी शेवाळाची फौज रात्री तेवढ्याच जोमाने तो खाणार असते.

सामूही याच चक्रात फिरतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते. शेवाळाने तो काढून घेतला की पाण्याचे आम्लपण घटते आणि सामू चढतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड संपला की शेवाळ बायकार्बोनेटमधला कार्बन ओढू लागते, मागे कार्बोनेट उरते आणि सामू आणखी वर जातो. तो किती वर जाईल, हे पाण्याच्या अल्कलिनिटीवर, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटच्या साठ्यावर अवलंबून असते. प्रयोगशाळेतल्या एका साध्या अनुमापनात हे डोळ्यांना दिसते. एकाच तळ्याचे शंभर मिलिलिटर पाणी पहाटे आणि दुपारी तीनला घ्या आणि दोन्हींत फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-चार थेंब टाका. पहाटेचे पाणी रंगहीनच राहते. दुपारचे पाणी गुलाबी होते, कारण सामू साधारण ८.३ च्या वर गेलेला असतो आणि कार्बोनेट तयार झालेले असते. आता ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ब्युरेटमधून सोडून गुलाबी रंग घालवा, मग मिथाइल ऑरेंज टाकून पिवळ्याचे नारिंगी होईपर्यंत अनुमापन पुरे करा. एकूण जितके मिलिलिटर आम्ल लागले त्याला दहाने गुणले की एकूण अल्कलिनिटी मिळते, लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत. दोन्ही वेळचा हा आकडा जवळपास सारखाच येतो. सामू दिवसभर हेलकावे खातो, अल्कलिनिटी मात्र जागेवर राहते. म्हणूनच नव्या तळ्यावर गेल्यावर विद्यार्थ्याने पहिल्यांदा अल्कलिनिटी मोजावी. ती दिवसाच्या कुठल्याही वेळी मोजली तरी चालते आणि बाकीचे आकडे किती हलणार आहेत ते तिच्यावरून कळते.

कार्प माशांच्या तळ्यात ही अल्कलिनिटी ५० ते १५० च्या दरम्यान असली तर काम नीट चालते. २० च्या खाली सामू सांभाळणेही कठीण आणि शेवाळाची वाढही अडते. महाराष्ट्रात ती कुठे किती मिळेल, हे पाणी कुठून आले यावर ठरते. बेसाल्ट खडकातल्या विहिरीचे पाणी सहसा बायकार्बोनेटने समृद्ध असते, तेव्हा तिथे प्रश्न कमी. मातीच्या तळ्यात काळी, चुनखडीयुक्त माती स्वतःच थोडाफार साठा पुरवते. पण शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते. पाणी आणि माती यांचा संबंधच तुटतो, आणि त्यात पावसाचे किंवा ओढ्याचे वाहून आलेले पाणी भरले तर अल्कलिनिटी तीस-चाळीसवर अडकू शकते. आणखी एक अपवाद लक्षात ठेवावा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यासारख्या भागात पाण्यात सोडियम जास्त असते. अशा पाण्याची अल्कलिनिटी भरपूर असून कॅल्शियम कमी असेल, तर दुपारी तयार झालेले कार्बोनेट साक्याच्या रूपाने खाली बसत नाही आणि सामू चढतच राहतो. म्हणून अल्कलिनिटीबरोबर कठीणपणाही मोजावा. कठीणपणा खूपच कमी निघाला तर तिथे चुन्यापेक्षा जिप्सम उपयोगी पडतो.

हे सगळे एका उदाहरणावर तपासू. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे तळे घ्या. बाजूंचा उतार दीडास एक धरला आणि पाणी दोन मीटर उभे असेल, तर त्यात साधारण ११५० घनमीटर पाणी मावते. त्यात कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस मिळून तीनशे किलो मासे आहेत आणि रोज त्यांच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सहा किलो खाद्य पडते: शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात. या मिश्रणात प्रथिने साधारण २५ टक्के धरली तर नत्र ४ टक्के होतो, म्हणजे रोजचे २४० ग्रॅम. त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून अमोनिया होऊन पाण्यात येतो असे मानले, तर रोज १६० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅमची भर. एरवी शेवाळ हा अमोनिया खाऊन टाकते. श्रावणात चार दिवस ढग हटले नाहीत, शेवाळ मंदावले आणि भर जवळजवळ तशीच साचली असे धरू. आधी ०.४ असलेला एकूण अमोनिया आता १ मिलिग्रॅमच्या आसपास येतो.

ढगाळ दिवसांत माशांना त्याचे फारसे काही होत नाही, कारण प्रकाशसंश्लेषण थंडावल्याने सामू साडेसातच्या आसपास असतो. २८ अंश आणि ७.५ सामू असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम दोन टक्के भाग विषारी, अनायनित रूपात असतो. बाकीचा अमोनियम आयन म्हणून राहतो आणि तो कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. म्हणजे खरे विष ०.०२ मिलिग्रॅम. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडते. साचलेल्या नत्रावर शेवाळ उसळते. हे तळे पावसाच्या पाण्याचे आणि अल्कलिनिटी तीसची असेल, तर दुपारी सामू ९.२ पर्यंत जाऊ शकतो. पाण्याचे तापमान तीस अंश धरले तर आता त्याच एक मिलिग्रॅममधला ५५ टक्क्यांहून जास्त भाग विषारी रूपात आहे, म्हणजे ०.५६. शेजारचे तळे विहिरीच्या पाण्याचे आणि अल्कलिनिटी १८० ची असेल, सामू ८.४ वर थांबला असेल, तर तेवढ्याच अमोनियातून विष निघते ०.१७. दोन्हीकडे खाद्य सारखे, मासे सारखे, एकूण अमोनियाच्या चाचणीचा रंगही सारखा. फरक फक्त अल्कलिनिटीचा. शेतकरी मात्र सांगणार की पाऊस होता तोवर मासे ठीक होते, ऊन पडल्यावर खाणे सोडले. ते अगदी खरे असते.

इथे जाणकार विद्यार्थी हरकत घेईल: पुस्तकात तर अनायनित अमोनियाची सुरक्षित मर्यादा ०.०५ दिली आहे, मग चांगल्या तळ्यातही ती ओलांडली गेली, त्याचे काय? हरकत योग्य आहे. या मर्यादा मुख्यतः अशा प्रयोगांवर बेतलेल्या असतात ज्यांत माशांना तेवढेच विष रात्रंदिवस सोसावे लागते. तळ्यात ते शिखर दोन-चार तास टिकते आणि सूर्य कलला की सामूबरोबर उतरते. म्हणून ०.१७ च्या दुपारी मासे मेले नाहीत तर पुस्तक खोटे ठरत नाही, आणि ०.०५ ओलांडले म्हणून घबराटही नको. शिखर किती उंच आहे आणि ते रोज येते आहे का, हे पाहायचे. अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे जाणारे शिखर दिवसामागून दिवस येत राहिले तर बोटुकलीच्या कल्ल्यांना इजा होते, भूक मंदावते, वाढ खुंटते. तक्ते परीक्षेपुरते पाठ करायला हरकत नाही. तळ्यावर मात्र एकूण अमोनिया, सामू आणि तापमान हे तीन आकडे एकाच वेळी घेतलेले असतील तरच त्यांना अर्थ येतो. पहाटेचा सामू आणि दुपारचा अमोनिया एकत्र लिहून काढलेले गणित चुकीचेच येणार.

अमोनिया बहुधा हळूहळू नुकसान करतो; एका रात्रीत तळे रिकामे करतो तो ऑक्सिजनचा अभाव. याचा अंदाज आधी बांधता येतो आणि त्याची रीत अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठातल्या क्लॉड बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात मांडली. रात्री ऑक्सिजन साधारण सरळ रेषेत उतरतो, म्हणून रेषेवरचे दोन बिंदू पुरतात. संध्याकाळी सातला मोजमाप घ्या, समजा ९.० आले, रात्री दहाला पुन्हा घ्या, समजा ७.२ आले. तीन तासांत १.८, म्हणजे तासाला ०.६ ची घट. सकाळी सहापर्यंत आठ तास उरलेत, तेव्हा आणखी ४.८ जातील आणि पहाटे २.४ उरतील. कार्प मासे यातून वाचतील, पण दुसऱ्या दिवशी पोटभर खाणार नाहीत. तीनच्या खाली जाऊ द्यायचे नाही असे ठरवले तर ती पातळी पहाटे पाचला येते, म्हणजे एअरेटर तीनच्या आसपास सुरू करावा. आता तेच तळे ढगाळ दिवसाचे घ्या. दिवसभर ऑक्सिजन नीट तयार झाला नाही आणि संध्याकाळी सातलाच ५ मिलिग्रॅम आहेत. घट तीच धरली तर रात्री एकच्या सुमाराला दीड मिलिग्रॅमवर येऊन ठेपतो. पहाटे पाचला उठून एअरेटर लावणारा शेतकरी चार तास उशिरा पोचतो. शेतीपंपाची वीज पाळीने येते, हे लक्षात घेतले तर संध्याकाळचे गणित आणखी मोलाचे ठरते: रात्री वीज नसेल तर ढग दाटलेल्या दिवशी सायंकाळचे खाद्य टाळणे आणि डिझेल पंपाने तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे उडवायची तयारी ठेवणे, एवढे तरी करता येते. बोअरचे पाणी थेट पाइपने तळात सोडून मात्र फारसा फायदा नाही. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन सहसा कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ते उंचावरून पसरून पडू द्यावे.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की समजतेच, मग ही मोजमापे कशाला, असे अनुभवी शेतकरी म्हणतो. त्याच्या नजरेचा आदर ठेवूनही उत्तर द्यायला हवे: वर आलेले मासे ऑक्सिजन दीड-दोनवर आल्यावर दिसतात, तेव्हा हातात घटकाभराचाच वेळ असतो, संध्याकाळचे दोन आकडे सहा-सात तास आधी सांगतात. आणि दुसरी गोष्ट, हे मोजायला महागडे मीटर असलेच पाहिजे असे नाही. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर याने १८८८ मध्ये दिलेली पद्धत आजही मीटरची परीक्षा घेते. अरुंद तोंडाची काचेची बाटली पाण्याखाली, नळीने तळापासून भरावी आणि दोन-तीन बाटल्यांइतके पाणी वाहू द्यावे. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजन आकडा फुगवतो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही द्रावणे पिपेटचे टोक पाण्याखाली धरून सोडावीत आणि बूच लावून बाटली उलटसुलट करावी. जो साका बसतो त्याचा रंगच निम्मे उत्तर देतो: तपकिरी असेल तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त, पांढरा राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. बाकीचे अनुमापन सल्फ्युरिक आम्ल टाकून, थायोसल्फेट आणि स्टार्चने पुरे होते. रात्री दहाच्या बाटलीत साका फिकट दिसला, तर अनुमापनासाठी थांबू नये, एअरेटर लावावा.

सामू कमी-जास्त झाला की चुना टाका, हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याबद्दल सावध करणे भाग आहे. कळीचा चुना आणि विरलेला चुना हे दोन्ही सामू झपाट्याने वर नेतात. कोरड्या तळ्याच्या तळाला पाणी भरण्यापूर्वी ते देणे ठीक. पण मासे असलेल्या, कमी अल्कलिनिटीच्या आणि अमोनिया साचलेल्या तळ्यात ते टाकणे म्हणजे आपल्या हाताने अमोनियाला विषारी करणे. तिथे हवी कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड, म्हणजे शेतीचा चुना. ती सामूला साधारण ८.३ च्या पलीकडे ढकलू शकत नाही. आपल्या उदाहरणातल्या पावसाच्या पाण्याच्या तळ्याची अल्कलिनिटी ३० वरून ६० करायची, तर घनमीटरमागे ३० ग्रॅम, म्हणजे ११५० घनमीटरला सुमारे ३५ किलो पूड लागते. प्लास्टिकमुळे मातीत काही मुरत नाही, त्यामुळे हे गणित मातीच्या तळ्यापेक्षा सोपे आहे. तरी सगळी पूड विरघळत नाही. तिला विरघळायला पाण्यात कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो पहाटे असतो, दुपारी नसतो. म्हणून दोन-तीन हप्त्यांत, सकाळी लवकर, पाण्यात कालवून सगळीकडे पसरावी आणि दोन आठवड्यांनी अल्कलिनिटी पुन्हा मोजावी. अमोनिया वाढलेला असेल तर त्या आठवड्यात चुन्यापेक्षा खाद्य निम्मे करणे जास्त उपयोगाचे ठरते.

हे सगळे वरच्या थराच्या पाण्याबद्दल झाले. खोल, वारा न लागणाऱ्या शेततळ्यात उन्हाळ्यात वरचे गरम पाणी हलके होऊन वरच राहते आणि खालचे थंड पाणी त्याच्याशी मिसळत नाही. खाली उजेड पोचत नाही, गाळ कुजत राहतो आणि तिथला ऑक्सिजन संपतो. वळवाच्या पहिल्या जोरदार पावसाने वरचा थर थंड झाला की दोन्ही थर एकत्र होतात आणि दुपारी बारा मिलिग्रॅम दाखवणारे तळे भरदिवसा माशांना गुदमरवते. वरून घेतलेल्या नमुन्याला याची चाहूल लागत नाही. त्यासाठी बूच लावलेली बाटली काठीला बांधून तळापासून फूटभर वर न्यावी, बुचाला बांधलेली दोरी ओढून ती तिथेच भरावी आणि वरच्या नमुन्याशेजारी ठेवून दोन्हींत द्रावणे सोडावीत. बाटलीतली हवा बाहेर पडताना थोडा ऑक्सिजन पाण्यात मिसळतो, त्यामुळे खालचा आकडा किंचित जास्तच येतो. तरीही साका पांढरट बसला, तर खालचे पाणी खरोखरच निकामी आहे असे समजावे. मेच्या अखेरीस हे करून ठेवले आणि खाली ऑक्सिजन नाही असे दिसले, तर पावसाची वाट न पाहता रोज दुपारी तासभर एअरेटर चालवून दोन्ही थर हळूहळू मिसळावेत, कारण त्या वेळी वर ऑक्सिजनचा साठा भरपूर असतो. हे मिसळणे एकदम न करता आठवडाभर पुरवून करावे आणि त्या आठवड्यात पहाटेचा ऑक्सिजन रोज मोजावा.